खुशबूचा हिशोब बाटलीवर नको, दिवसावर करा

तळेगाव ढमढेरे येथे आमचा धंदा कापडाचा आहे. कापडवाल्याने खुशबूवर लिहावे याचे वाचक बंधूंना नवल वाटेल, म्हणून कारण आधी सांगतो. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इकडच्या कंपन्यांत कामाला जाणारे नौजवान आमचे गिऱ्हाईक आहेत. दोन-तीन महिन्यांनी त्यातला एखादा शर्ट घेऊन परत येतो, काखेतला पिवळा डाग दाखवतो आणि म्हणतो, "चाचा, कपडा खराब निघाला." कपडा खराब नसतो. डाग कशाचा, हे शोधता शोधता आम्ही बॉडी स्प्रेचे डबे, स्टिक, रोल-ऑन आणि अत्तराच्या कुप्या यांच्या मागे लागलो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. ही मुले महिन्याला जेवढा पैसा खुशबूवर घालतात, त्याच्या निम्म्यात त्यांचे काम भागते. पण चुकीच्या कामाला चुकीची वस्तू विकत घेतात.

आधी कामे वेगळी करू. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतला घाम बाकीच्या अंगाच्या घामापेक्षा थोडा चिकट आणि स्निग्ध असतो. कातडीवरचे जंतू तो खातात आणि त्यांच्या त्या खाण्यातून वास निघतो. तेव्हा वास येऊ न देणे हे एक काम झाले आणि अंगाला खुशबू येणे हे दुसरे. पहिले काम साबण, पाणी, स्टिक, रोल-ऑन आणि तुरटी यांचे. दुसरे काम अत्तराचे आणि परफ्यूम ऑईलचे. बॉडी स्प्रे दोन्ही कामे केल्याचा दावा करतो आणि दोन्ही थोडी थोडी करतो. वास आलेल्या काखेवर खुशबू मारली तर वास जात नाही, दोघांचा मिळून तिसराच वास तयार होतो. बसमध्ये शेजारी बसलेल्याला तो लगेच कळतो, ज्याचा असतो त्याला कळत नाही, कारण नाक स्वतःच्या वासाला चटकन सरावते. काखेतले केस काढणे आपल्याकडे फितरतीच्या गोष्टींत मोजले जाते. त्याचा इथे रोकडा फायदा असा की घाम आणि जंतू यांना धरून ठेवायला केसच उरत नाहीत आणि साबण कातडीपर्यंत पोचतो.

आता बॉडी स्प्रे. भारतात याची हवा १९९९ मध्ये ॲक्स बाजारात आल्यापासून जास्त झाली. गॅसच्या डब्यात तीन गोष्टी असतात : ढकलणारा गॅस, अल्कोहोल आणि थोडी खुशबू. खुशबूचा भाग साधारण शंभरात दोन-तीन इतकाच. गॅस स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, म्हणजे प्रोपेन-ब्यूटेन. अंगावर जे गार लागते ते त्या गॅसचे उडून जाणे आहे, खुशबूचा त्यात काही हात नाही. १५० मिलीच्या डब्यात माल भरतो वजनाने सुमारे शंभर ग्रॅम, कारण गॅस हलका. बोट दाबून धरले की सेकंदाला पाऊण ते एक ग्रॅम बाहेर पडते. दोन्ही काखांना दोन-दोन सेकंद मारले तर रोजचे तीन-चार ग्रॅम गेले, आणि डबा महिन्याच्या आत-बाहेर संपला. छातीवर, शर्टावर आणि मित्राच्या अंगावर मारणाऱ्याचा डबा पंधरा दिवसही जात नाही.

ही गोष्ट ओळखून अहमदाबादच्या विनी कॉस्मेटिक्सने २०११ मध्ये 'फॉग' आणला आणि जाहिरातच अशी केली की यात गॅस नाही, आहे ती सगळी खुशबू. धंद्याच्या नजरेने ती मोठी हुशारी होती, कारण गिऱ्हाईकाला प्रथमच डब्याऐवजी दाब मोजायला शिकवले गेले. बिनगॅसच्या बाटलीत पंप असतो आणि एका दाबाला ठराविकच माल निघतो. समजा १२० मिलीची बाटली आहे आणि एका दाबाला सुमारे ०.१५ मिली निघते, तर ८०० दाब झाले. रोज आठ दाब मारणाऱ्याला ती शंभर दिवस पुरेल. हिशोब खरा आहे, मात्र "सगळी खुशबू" हे शब्द जपून घ्यावेत. गॅस नाही याचा अर्थ अल्कोहोल नाही असा होत नाही. बाटलीतला बहुतेक भाग अल्कोहोलच असतो. अल्कोहोलच्या खुशबूबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ज्याला नको असेल त्याने बाटलीच्या पाठीवरची घटकांची यादी वाचावी, पुढच्या चित्रावर जाऊ नये.

डबा किती दिवस जातो हे ज्याला नक्की काढायचे असेल त्याने एक सोपी गोष्ट करावी. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नवा डबा ठेवून वजन लिहून घ्यावे, आठ दिवस नेहमीप्रमाणे वापरावा आणि पुन्हा ठेवावा. घटलेल्या ग्रॅमला आठने भागले की रोजचा खर्च मिळतो. डब्यावर लिहिलेल्या मालाला त्या आकड्याने भागले की दिवस मिळतात, आणि किमतीला दिवसांनी भागले की रोजचे पैसे. हा भागाकार एकदा केला की जाहिरातीची गरज उरत नाही.

स्टिक आणि रोल-ऑन यांच्याकडे आपल्या भागातली मुले अजून कमी वळतात. कारण त्यात "फुस्स" असा आवाज नाही आणि दुसऱ्याला दाखवण्यासारखे काही नाही. पण काखेच्या कामाला हीच वस्तू योग्य आहे, कारण माल हवेत उडत नाही, लावला तिथेच बसतो. एका काखेला साधारण ०.४ ग्रॅम धरा, दोन्हींना मिळून ०.८. म्हणजे ५० मिलीचा रोल-ऑन दोन महिने आणि ७५ ग्रॅमची स्टिक तीन महिने सहज जाते.

घेताना एक शब्द मात्र पाहावा लागतो. डिओडरंट म्हणजे जंतूंना आवर घालणारे आणि वर थोडी खुशबू देणारे; घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंट म्हणजे घामच कमी करणारे. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामात विरघळून घामाच्या नळीच्या तोंडाशी बारीक बूच बसवतात. हे बूच बसायला कातडी कोरडी लागते. सकाळी अंघोळ करून, घाई-घाईत ओल्या काखेला लावले आणि धावत बस पकडली तर निम्मा माल घामाबरोबर शर्टात जातो. ते रात्री झोपताना, काख धुऊन पूर्ण कोरडी करून लावावे. रात्री घाम कमी असतो, बूच नीट बसते आणि सकाळच्या अंघोळीने जात नाही. केस काढल्यावर मात्र त्याच दिवशी लावू नये, फार झोंबते.

ज्याच्याकडे इतकाही पैसा नाही त्याच्यासाठी न्हाव्याच्या पेटीतली तुरटी आहे. फिटकरी म्हणतो आपण. तीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. खडा पाण्यात भिजवून ओल्या काखेवर पाच-सहा वेळा फिरवावा आणि वाळू द्यावे. ती घाम फारसा थांबवत नाही, पण जंतूंना आवर घालते. दहा-वीस रुपयांचा खडा महिनोन्महिने जातो. खडा कोरडा ठेवावा आणि ज्याचा त्याने वापरावा. काही लोक खाण्याचा सोडा लावतात. वास जातो पण कित्येकांची काख लाल होऊन सोलते, त्यापेक्षा तुरटी बरी.

आता अत्तराकडे येऊ. इथे आपल्या लोकांना वाटते की आपल्याला सगळे माहीत आहे, आणि म्हणून इथेच जास्त फसगत होते. कनौजचे जुन्या पद्धतीचे अत्तर असे बनते : तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, तोंड मातीने बंद, खाली लाकडाचा जाळ. बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात उतरते, त्याला भपका म्हणतात. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते आणि फुलाची खुशबू त्यात मुरते. म्हणजे जुन्या अत्तराचा पाया चंदन होता. चंदन महाग झाल्यापासून बहुतेक बाजारी मालाचा पाया बदलला. आता त्यात पॅराफिन किंवा डीईपी, डीपीजी यांसारखे बिनवासाचे पातळ पदार्थ असतात. हे सांगण्याचा हेतू असा की शंभर-दीडशे रुपयांना सहा मिलीची कुपी मिळते तेव्हा तिच्यात देगेतला गुलाब नसतो. अस्सल गुलाबाचा रूह किलोला लाखांच्या भावात जातो. दीडशे रुपयांत मिळते ते कारखान्यातल्या सुगंधी रसायनांचे मिश्रण, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ते तेवढ्याच भावाने घ्यावे. "असली कनौजचा आहे, तुमच्यासाठी दोनशेला देतो" असे कोणी म्हणाले तर हसून पुढे जावे.

परफ्यूम ऑईल नावाने जे विकले जाते ते याच मिश्रणाचे नव्या वेशातले रूप आहे. अत्तरवाल्याकडे खस, मजमुआ, मिट्टी, हिना, शमामा ही नावे मिळतील. परफ्यूम ऑईलच्या दुकानात मोठ्या परदेशी सेंटच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या असतील. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर दोन्ही एकाच कपाटात दिसतात. परदेशी नावाची चिठ्ठी म्हणजे त्या कंपनीचा माल नव्हे, तिच्या वासाची नक्कल असते. पहिल्या पाच मिनिटांत नक्कल अस्सलच्या अगदी जवळ वाटते, फरक तीन तासांनी कळतो.

म्हणूनच पारख करायची रीत अशी. दुकानात मनगटावर लावून तिथेच सौदा करू नये. पहिली दहा मिनिटे जे उठते, लिंबासारखे किंवा केवड्यासारखे तीव्र, ते आधी उडून जाते. एका मनगटाला एक, दुसऱ्याला दुसरे, एवढेच लावावे. तिसरे-चौथे हुंगून नाक थकते आणि सगळेच एकसारखे लागते. मग बाजार करावा, चहा घ्यावा आणि दोन तासांनी पाहावे, पुन्हा संध्याकाळी पाहावे. संध्याकाळी जे शिल्लक आहे, तेच तुम्ही विकत घेत आहात. खस, चंदन, कस्तुरीच्या जातीचे वास टिकतात. फुलांचे आणि फळांचे लवकर जातात. कागदावर थेंब टाकून डाग राहिला तर भेसळ, अशी एक समजूत आहे, ती पुरती खरी नाही. बिनवासाच्या पायाचा डाग राहतो हे ठीक, पण अस्सल चंदनाच्या तेलाचाही राहतो. दुसऱ्या दिवशी कागदावर डाग आहे आणि वास अजिबात नाही, तर मात्र पायाच जास्त भरला होता असे समजावे. रंगावर तर मुळीच जाऊ नये. खस हिरवा असतो हे सर्वांना माहीत आहे, भेसळ करणाऱ्यालाही.

अत्तर काखेत लावायचे नाही. तिथली कातडी नाजूक, सारखी घासणारी, जळजळ होते. कानामागे, मनगटावर, मानेच्या कडेला एक थेंब पुरतो. नव्या मालाचा पहिला थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे, खाज सुटली तर कुपी कितीही आवडली तरी सोडावी. एका मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे सहा मिलीत एकशेवीस. रोज दोन थेंबांनी कुपी दोन महिने जाते. तोळ्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तोळा हे वजनाचे माप आहे, ११.६६ ग्रॅम, आणि दुकानातली "तोळ्याची बाटली" कुठे दहा मिलीची असते, कुठे बाराची. भाव नेहमी मिलीवर विचारावा.

आता एका मुलाचा हिशोब करून पाहू. समजा सणसवाडीत कंत्राटी कामावर असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. घरी पैसे देऊन दोन महिन्यांत खुशबूसाठी त्याच्याकडे तीनशे रुपये उरतात. किमती गावोगाव बदलतात, आम्ही गोल आकडे धरतो. गॅसचा डबा दोनशे रुपयांचा, महिनाभर जाणारा. म्हणजे दोन महिन्यांचे चारशे आणि रोजचे साडेसहा रुपयांच्या वर. तीनशेत तो दीड महिनाच भागवेल, आणि बारा तासांच्या पाळीत दुपारनंतर त्या डब्याचे अंगावर काही उरणारही नाही. बिनगॅसची बाटली अडीचशेची धरली तर आठ दाबांनी रोजचे अडीच रुपये. हा सौदा वाईट नाही, पण घामाचा बंदोबस्त त्यातही अर्धवटच. तिसरा मार्ग असा : दीडशे-एकशेसाठचा रोल-ऑन दोन महिन्यांना, एकशेवीसची सहा मिली अत्तराची कुपी दोन महिन्यांना, वीस रुपयांची तुरटी. झाले तीनशे. रोजचे पाच रुपये, आणि त्यात वास येऊ न देणे व खुशबू ही दोन्ही कामे पूर्ण. त्यातही ज्याचे तुरटीवर भागते त्याने रोल-ऑनचे पैसे वाचवावेत. मग रोजचा खर्च सव्वादोन-अडीच रुपयांवर येतो आणि बिनगॅसच्या बाटलीइतक्याच पैशात दिवसभराची खुशबू मिळते. अन्नाच्या किंवा औषधाच्या कारखान्यात काम असेल तर आधी विचारून घ्यावे, तिथे खुशबू लावून आत येऊ देत नाहीत. अशाने बिनवासाचा रोल-ऑन घ्यावा आणि अत्तर जुम्याला व सुट्टीला ठेवावे. वेल्डिंगवर किंवा भट्टीवर काम करणाऱ्याने गॅसचा डबा पिशवीत कामाजवळ नेऊच नये. डब्यावर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असे छापलेले असते, आणि एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या मोटारसायकलची डिकी तिथवर जायला वेळ लागत नाही.

आता आमच्या विषयाचे, म्हणजे कपड्याचे. तोच घाम सुती शर्टाला कमी धरतो आणि पॉलिस्टरला जास्त. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये हे तपासले. २६ जणांना तासभर सायकलीचा व्यायाम करायला लावून त्यांचे कपडे ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी हुंगवले. पॉलिस्टरचा वास जास्त वाईट निघाला, कारण वास करणारे काही जंतू त्या धाग्यावर जास्त वाढतात. कंपनीचा गणवेश टेरिकॉटचा असेल तर तो बदलता येत नाही, पण आत सुती बनियन घालता येते. पन्नास-साठ रुपयांचे बनियन पुष्कळ स्प्रेचे काम करते.

पिवळा डाग हा बहुधा ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या मेळाने बसतो. म्हणून लावल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय शर्ट चढवू नये. डाग बसलाच तर ब्लीचिंगचे पाणी घालू नये, डाग आणखी पिवळा होतो. कोमट पाण्यात निंबूसत्व किंवा पांढरा सिरका घालून तासभर भिजवावे, चोळावे आणि मग साबणाने धुवावे. सिरका आणि ब्लीचिंग एकाच बादलीत कधीही घालू नये, विषारी वायू निघतो. अत्तराचा डाग वेगळा, तो तेलाचा. पांढऱ्या कुर्त्यावर शमामा, हिना किंवा ऊद यांचा थेंब पडला की तपकिरी ठिपका राहतो. आधी पाणी लावू नये. कोरड्या डागावर टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्यावे, मग भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून धुवावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तेल धाग्यात पक्के बसते. ईदच्या कुर्त्याला खुशबू हवीच असेल तर फाया करून वरच्या खिशात ठेवावा, किंवा गळ्याच्या आतल्या शिवणीला लावावे, जिथे डाग दिसत नाही.

दुकानदार बंधूंसाठी थोडे. किराणा, स्टेशनरी किंवा कापडाच्या दुकानात अत्तराची छोटी पेटी ठेवणे जमण्यासारखे आहे, कारण जागा कमी लागते. पण उन्हाच्या बाजूला काचेत सजवून ठेवू नये. ऊन आणि उष्णता यांनी दोन-चार महिन्यांत वरचा वास मरतो. पहिल्या खेपेला पाच-सहा वासांपेक्षा जास्त घेऊ नये आणि नमुन्याची कुपी वेगळी ठेवावी, नाहीतर विक्रीच्या मालातूनच सगळा बाजार मनगटे भिजवतो. मोठ्या बाटलीतून गिऱ्हाईकासमोर कुपी भरून देणे हा किरकोळ विक्रीचा भाग आहे. मात्र स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून, बंद कुप्या दुसऱ्या दुकानांना विकायला निघालात तर कायद्याने तुम्ही सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादक झालात आणि त्याला परवाना लागतो. स्प्रेचा माल घेताना बॅच नंबर, महिना-वर्ष, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना नंबर डब्यावर छापलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे पाहावे. पंपाच्या बाटलीचे झाकण उघडून ती पुन्हा भरता येते, तेव्हा नेहमीच्या भावापेक्षा फार स्वस्त मिळणाऱ्या पेटीतली एक बाटली आधी स्वतः फोडून, हातावर मारून, दोन तास थांबावे. आणि गिऱ्हाईकांना सांगावे की रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी तिचा पंप मोडून टाका.